व्हिसाच्या साइट्स उघडताना पत्त्याचा शेवट बघ

प्रिय सई,

तू काल रात्री पाठवलेली ती लिंक उघडून बघितली. अमेरिकन व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरून देतो म्हणणारी. वरती अमेरिकेचा झेंडा, गरुडाचं चिन्ह, सगळं अगदी सरकारी वाटावं असं, आणि पत्ता मात्र डॉट इन्फोवर संपतोय. तिथे काहीही भरू नकोस. हा फॉर्म अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ceac.state.gov वरच भरायचा असतो आणि नुसता फॉर्म भरायला एक पैसा लागत नाही, व्हिसाची फी ती वेगळी. शिवाय त्यात पासपोर्ट नंबर, आमची नावं, आधी कुठे कुठे जाऊन आलीस, सोशल मीडियाची अकाउंट्स, सगळं विचारतात, म्हणजे पैसे बुडाले तर एकवेळ चालेल पण ही माहिती भलत्याच्या हातात जायला नको गं.

पत्त्याच्या शेवटावरून खरं तर एवढंच कळतं की ते नाव घ्यायची परवानगी कोणाला आहे. डॉट गव्ह फक्त अमेरिकेतल्या सरकारी संस्थांना मिळतं, म्हणजे केंद्र, राज्यं, काउंटी, गावं वगैरे, आणि त्यांची सीसा नावाची सायबर सुरक्षा एजन्सी तपासून मगच ते देते. (आपल्या सरकारचं gov.in ते वेगळं, पासपोर्टसाठी तू वापरलंस तसं.) डॉट इन्फो २००१ पासून आणि डॉट एक्सवायझेड २०१४ पासून कोणालाही विकत मिळतं, तुम्ही कुठली संस्था आहात ते कोणी तपासत नाही, आणि एक्सवायझेड तर पहिल्या वर्षाला बऱ्याचदा खूप स्वस्त असतं, त्यामुळे फसवणारे घेतात, वापरतात आणि टाकून देतात. म्हणजे तिथलं सगळंच खोटं असंही नाही, गूगलच्या मूळ कंपनीची साइट abc.xyz आहे. पण त्या शेवटाकडून तुला भरवसा काहीच मिळत नाही, तो दुसरीकडून शोधावा लागतो.

आणि gov कुठे लिहिलंय ते नीट बघ. समजा ceac.state.gov.kahihi.xyz असं दिसलं, तर मोबाइलवर कधी कधी सुरुवातीचाच भाग दिसतो आणि आपण फसतो. https:// च्या नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचायचं. इथे एक्सवायझेड आहे, म्हणजे मालक kahihi.xyz वाला, आधीचं state.gov त्याने स्वतःच चिकटवलेलं.

आता जिथे तू सगळ्यात जास्त गोंधळशील ते सांगते. सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा, तिची आय-९०१ फी, तुझ्या एफ-१ विद्यार्थी व्हिसासाठी ३५० डॉलर, ती भरायची खरी अधिकृत साइट आहे fmjfee.com. हो, डॉट कॉम! नुसतं शेवट बघून ठरवलं असतंस तर खऱ्या साइटलाच खोटी म्हटलं असतंस, आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसरं डॉट कॉम कोणीही काढू शकतं. मग खात्री कशी करायची, तर गूगलवर फी शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, आधी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची ice.gov उघडायची, तिथे सेविस फीचं पान आहे, त्यातल्या लिंकवरून fmjfee.com वर जायचं. म्हणजे डॉट गव्हचा भरवसा तिथपर्यंत पोचतो.

डॉट एज्यूबद्दल बाबा म्हणाले की ते असलं की कॉलेज पक्कंच. बऱ्याच अंशी खरं आहे, २००१ पासून ते अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांनाच मिळतं, पण त्याआधी ज्यांनी घेतलं होतं त्यांच्याकडे ते तसंच राहिलं. शिवाय मिशिगनमधलं युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन आठवतंय का, २०१९ मधे उघड झालं ते? अमेरिकन सरकारनेच सापळा म्हणून काढलेलं खोटं विद्यापीठ, साइट डॉट एज्यूवर, आणि अडकलेली बहुतेक मुलं आपल्या देशातली. तिथे ना शिक्षक होते ना वर्ग भरत होते. हे पत्त्यावरून कधीच कळलं नसतं, म्हणून तुझ्या विद्यापीठात आत्ता शिकत असलेल्या दोघातिघांशी बोल, कोण काय शिकवतं, वर्ग कुठे भरतात ते विचार. आणि हो, डॉट एज्यूवरून मेल आला म्हणजे तो ऑफिसचाच असं नाही, तसा पत्ता विद्यार्थ्यांनाही असतो. पैसे मागणारा मेल आला तर विद्यापीठाच्या साइटवरून इंटरनॅशनल ऑफिसचा नंबर काढून फोन कर.

आता विद्यापीठाने दिलेल्या आय-२० फॉर्मवरचा सेविस नंबर बघून आधी डीएस-१६० भरून घे, मग ice.gov वरून जाऊन फी भर, आणि पावतीची प्रिंट काढून फाइलमधे ठेव, मुलाखतीला लागेल. कार्डाचं आंतरराष्ट्रीय पेमेंट बंद असेल तर बाबांना सांग, ते चालू करून देतील.

तुझी,
आई