छोटूच्या नोकरीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की लोटे एमआयडीसीतली कंपनी घरापासून जवळ आहे, पगारही बरा आहे, मग छोटूने लगेच हो म्हणावं. केमिकल डिप्लोमा झालेल्या मुलाला एमआयडीसीत घराजवळ काम मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण मीही रिअ‍ॅक्टरच्या प्लांटमध्ये शिफ्ट करते, म्हणून सांगते, सही करायच्या आधी त्याने तिथे जाऊन काही गोष्टी विचाराव्यात.

पहिला प्रश्न माणसांचा. शिफ्ट आठ तासांची आहे, हे सगळेच सांगतात. त्याने विचारायचं की रिअ‍ॅक्टर चालवायच्या पॅनेलवरच्या एका जागेसाठी एकूण माणसं किती आहेत. रिअ‍ॅक्टर रविवारी थांबत नाही, म्हणजे रोज तीन याप्रमाणे आठवड्यात २१ पाळ्या भराव्या लागतात. एक माणूस सुट्टी घेऊन सहा पाळ्या करतो. तिघे असले तर १८ होतात, तीन पाळ्या उघड्याच राहतात आणि त्या कुणाला तरी सलग दुसरी पाळी करून भराव्या लागतात. चौघे असले तरच साप्ताहिक सुट्टी आणि आजारपण निभतं. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही तर दुपारी दोनला गेलेला मुलगा पहाटे सहाला सुटतो, आणि त्याच दिवशी दोनला परत हजर व्हायचं असतं. बसचा वेळ आणि जेवण काढलं तर झोप चार-पाच तासांचीच होते. ओव्हरटाइमचे पैसे कायद्याने दुप्पट मिळतात हे खरं, पण आई, पहाटे चारला तापमानाचा काटा बघणारा डोळा जागा असावा लागतो.

गेटवर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो. त्यावर जाऊ नका. ठेकेदाराच्या माणसाची दुखापत त्यात धरतात का, हे आधी विचारावं लागतं. 'थोडक्यात वाचलो' अशा घटनांची वही कोरी असेल तर मला जास्त भीती वाटते, कारण अशा गोष्टी घडतातच. तिथे त्या कुणी लिहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

त्यापेक्षा त्याने टाकीत उतरण्याचं भरलेलं परमिट दाखवायला सांगावं. टाकी साफ करायच्या आधी तिच्यात नायट्रोजन असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जास्त असला तर उतरलेला माणूस दोन-तीन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला धावत आत गेलेला दुसराही जातो. म्हणून लाइनचा नुसता व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही, तिथे ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी भरीव चकती, लावावा लागतो. ऑक्सिजन मोजायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, आणि तोंडाशी एक माणूस कायम उभा ठेवायचा. प्रत्येक परमिटवर ऑक्सिजनचा तोच आकडा, मोजल्याची वेळ नाही आणि सगळ्या सह्या एकाच पेनाने असतील, तर ते कागद टाकीजवळ नाही, ऑफिसात भरलेले असतात.

प्रशिक्षणाबद्दल एचआर सांगेल ते ऐकून घ्यावं, पण प्रश्न पॅनेलवरच्या ऑपरेटरलाच करावा: "फीड चालू असताना स्टरर बंद पडला तर काय करता?" त्याने न अडखळता सांगायला हवं की आधी फीड बंद, कूलिंग चालू ठेवायचं, शिफ्ट इन्चार्जला बोलवायचं, आणि स्टरर आपल्या मनाने पुन्हा चालू करायचा नाही. कारण ढवळणारा स्टरर थांबल्यावर रिअ‍ॅक्टरमध्ये पडलेला माल प्रक्रिया न होता साचून राहतो. पुन्हा ढवळला की तो सगळा एकदम पेटल्यासारखा उष्णता सोडतो, आणि थंड पाण्याला ती आवरत नाही. "मोटर रीसेट करतो" असं उत्तर मिळालं, तर तिथे छोटूला शिकवायला कुणी नाही. नव्या मुलाला एकट्याने पॅनेल किती दिवसांनी देतात आणि तो तयार झाला यावर सही कोण करतं, हेही त्याने विचारावं. तारीख ठरलेली आणि सही कुणाचीच नाही, असं असेल तर मला पटणार नाही.

मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही जमा करू नये, प्रत द्यावी.

बाबा, त्यांनी प्लांट बघू दिला आणि उत्तरं नीट मिळाली, तर पगार दोन हजारांनी कमी असला तरी मी हो म्हणेन. आत जाऊच दिलं नाही, तर गुजरातमधल्या दहेजच्या कंपनीची ऑफर अजून हातात आहे. ती लांब आहे, हॉस्टेलला राहावं लागेल, आईला करमणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही मग दहेजच. सोमवारी तो जाऊन आला की रात्री मला फोन करायला सांगा, मी पहिल्या पाळीत आहे, तेव्हा मोकळी असेन.

तुमची
लेक