माउथवॉशमधील अल्कोहोल

'माउथवॉशमुळे कर्करोग' हा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील ठाम निष्कर्ष मला मान्य नाही. तोंडातील जिवाणू अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे कर्करोगकारक रसायन तयार करतात, हे खरे आहे आणि त्याच आधारावर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका शोधनिबंधाने धोक्याचा इशारा दिला होता. मात्र 2012 मध्ये 18 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात माउथवॉशचा वापर आणि तोंडाचा कर्करोग यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. धूम्रपान करणारे लोक वास लपवण्यासाठी माउथवॉश अधिक वापरतात, त्यामुळे दोष नेमका कशाचा, हे वेगळे काढणे फार अवघड जाते.

लेखात तोंडाच्या कोरडेपणाचा मात्र उल्लेखही नाही, याचे एक दंतवैद्य म्हणून मला वाईट वाटले. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे लाळ कमी होते, जीभ टाळूला चिकटते आणि तोंडाला वास येऊ लागतो. तो घालवण्यासाठी रुग्ण दिवसातून तीन-चार वेळा अल्कोहोलयुक्त माउथवॉशने चुळा भरतो. घटकाभर ताजेतवाने वाटते, पण तोंडातील आधीच कोरडी असलेली त्वचा चुरचुरते, कोरडेपणा अधिक जाणवतो आणि रुग्ण पुन्हा माउथवॉशच्या बाटलीकडे वळतो. वास्तविक या द्रावणात अल्कोहोल असते ते मुख्यतः थायमॉलसारखी तेले विरघळवण्यासाठी; जंतू मारण्याचे काम ती तेलेच करतात. अल्कोहोलविरहित माउथवॉशही मिळतात. तोंड कोरडे पडणाऱ्यांनी तेच घ्यावेत आणि आपल्या गोळ्यांची यादी दंतवैद्याला दाखवावी.

– एक दंतवैद्य