‘सपोर्टशिवाय प्रिंट होतो’ म्हणून विकलेल्या ब्रॅकेटच्या फाइलबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ८ मिमी गजाच्या ब्रॅकेटची सदोष फाइल बदलून मिळणे आणि वर्णनातील चूक दुरुस्त करणे

महोदय / महोदया,

आपल्याकडून मी ८ मिमी गज आडवा धरणाऱ्या ब्रॅकेटची थ्रीडी प्रिंटिंगसाठीची एसटीएल फाइल विकत घेतली. वर्णनात ‘सपोर्टची गरज नाही, सर्व ओव्हरहँग ६० अंशांच्या आत’ असे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात हा भाग सपोर्टशिवाय नीट प्रिंट होत नाही. पहिल्या तक्रारीला आपल्या विभागाने ‘प्रिंटरचे तापमान आणि पंखा तपासा’ असे उत्तर दिले. ते मला मान्य नाही, कारण दोष फाइलच्या आकारात आहे. नेमका कुठे, ते खाली लिहितो आहे. कृपया हे पत्र डिझाइन करणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावे.

आधी त्या ६० अंशांबद्दल. ओव्हरहँगचा, म्हणजे खाली आधार नसलेल्या उताराचा, कोन उभ्या रेषेपासून मोजला की आडव्या, हे वर्णनात कुठेच नाही. स्लायसरपैकी क्युरा तो उभ्यापासून मोजतो, तर प्रुसास्लायसर आडव्यापासून. ४५ अंशांना दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात, पण ६० म्हटले की अर्थ उलटा होतो. मी ०.४ मिमी नोझल आणि ०.२ मिमी थर वापरतो. आडव्यापासून ६० अंशांचा उतार असेल तर प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जेमतेम ०.१२ मिमी बाहेर येतो आणि भिंत सुरेख उभी राहते. तोच कोन उभ्यापासून मोजला तर थर ०.३५ मिमी बाहेर येतो. ०.४ मिमी रुंदीची रेघ जवळजवळ पूर्ण हवेत टाकली जाते. ४५ अंशांना ती ०.२ मिमी बाहेर असते, म्हणजे निम्मी रेघ खालच्या थरावर टेकलेली असते. सपोर्टशिवाय ४५ अंशांपर्यंतच जायचे, हा नियम आला आहे तो इथूनच. थर पातळ केला किंवा रेघ रुंद केली तर थोडे पुढे जाता येते, पण विकायच्या फाइलने त्या सवलतीवर विसंबू नये.

आता गजाचे भोक. ते आडवे आणि पूर्ण गोल आहे. गोल भोकाच्या वरच्या पाव भागात कोन ४५ अंशांच्या पुढे जातो आणि माथ्याला पार ९० होतो. ४ मिमी त्रिज्येला माथ्याजवळ एक थर आधीच्यापेक्षा सुमारे ०.३६ मिमी आत सरकतो, त्याच्या पुढचा जवळपास ०.५ मिमी, म्हणजे रेघेच्या रुंदीपेक्षाही जास्त. या रेघा भोकाच्या लांबीच्या दिशेने धावतात. खाली आधार नाही, त्यामुळे त्या पूर्ण लांबीभर खाली झुकतात. माझ्या प्रिंटमध्ये भोकाच्या छताला तारा लोंबकळत होत्या, दोन्ही तोंडांशी कडा वर वळल्या होत्या आणि गज आत शिरत नव्हता. ड्रिल फिरवून भोक साफ केले तर ड्रिल खालच्या चांगल्या बाजूलाही खरवडतो आणि गजाची उंची बदलते. अशा ब्रॅकेटची जोडी एका पातळीत येणार कशी?

याला टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचे भोक हा सरळ उपाय आहे. खालचा आणि बाजूचा गोलावा तसाच ठेवायचा, वरच्या पाव भागाऐवजी ४५ अंशांच्या दोन स्पर्शरेषा वर नेऊन जोडायच्या. टोक केंद्रापासून त्रिज्येच्या १.४१४ पट उंचीवर येते, इथे ५.६६ मिमीवर. २७० अंशांचा गोलावा शाबूत राहत असल्याने गजाची बैठक हलत नाही. ओपनस्कॅडमध्ये एवढेच लागते :

```
module themb(r) {
  circle(r=r, $fn=96);
  rotate(45) square(r);
}
```

आपल्या भागात भोकावर ४ मिमी भिंत आहे. टोकामुळे ती २.३४ मिमी उरेल, आणि तेवढी पातळ भिंत आपल्याला नको असेल हे मी समजू शकतो. तसे असेल तर टोक मूळ गोलाच्या माथ्याच्या उंचीवर सपाट कापावे. मग ३.३ मिमी रुंदीचे सपाट छत उरते. स्लायसर त्याला ब्रिज म्हणून ओळखतो आणि रेघा आडव्या, या भिंतीवरून त्या भिंतीवर ताणतो. दोन्ही टोके टेकलेली असल्याने एवढा ब्रिज सहज जमतो. भिंत जाड हवी तिथे मला हाच प्रकार जास्त पसंत आहे.

याची खात्री करूनच लिहितो आहे. त्याच प्रिंटरवर, त्याच पीएलएच्या रिळातून, सेटिंगला हात न लावता मी एका साध्या ठोकळ्यात एक गोल आणि एक टिअरड्रॉप भोक शेजारी शेजारी प्रिंट केले. गोलात तारा लोंबल्या, टिअरड्रॉपमधून गज हाताने सरकला. तापमान किंवा पंख्याचा दोष असता तर दोन्ही भोके बिघडायला हवी होती. पायातली ३ मिमी स्क्रूची भोके उभी आहेत, ती उत्तम येतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

दुसरा दोष भोकाभोवतीच्या कॉलरमध्ये आहे. ब्रॅकेटच्या दोन्ही तोंडांवर १६ मिमी व्यासाची कॉलर ४ मिमी बाहेर आली आहे. तिचा सर्वांत खालचा थर भिंतीतून निघून थेट हवेत ४ मिमी पुढे जातो. पुढच्या टोकाला काहीच नसल्याने याला ब्रिजही म्हणता येत नाही, आणि तो थर पडतोच. इथे चॅम्फर हवा होता. कॉलर भिंतीपाशी २४ मिमी व्यासाने सुरू करून टोकाला १६ मिमीपर्यंत निमुळती केली, तर ४ मिमी अंतरात त्रिज्या ४ मिमीने घटते आणि खालची बाजू बरोबर ४५ अंशांवर येते. ‘भाग आडवा ठेवून प्रिंट करा’ असेही मला सुचवले गेले, पण दोन्ही तोंडांना कॉलर असल्यामुळे तो कुठल्याच तोंडावर सपाट बसत नाही.

पायाच्या तळाच्या कडेला ३ मिमीचा फिलेट आहे, तोही बदलावा. फिलेट बेडपाशी जवळजवळ आडवा सुरू होतो, त्यामुळे दुसराच थर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाहेर पडतो आणि कड वर वळते. तिथे ४५ अंशांचा चॅम्फर द्यावा. उभ्या कडांचे फिलेट खुशाल राहू द्या.

माझ्या मागण्या अशा आहेत. भोक, कॉलर आणि तळाची कड वरीलप्रमाणे सुधारलेली फाइल मला विनामूल्य द्यावी आणि सोबत स्टेप फाइलही द्यावी, कारण एसटीएलमध्ये भोकाचा व्यास बदलणे फार जिकिरीचे असते. टिअरड्रॉपचे टोक वर राहिले तरच त्याचा उपयोग होतो, म्हणून कोणती बाजू बेडवर ठेवायची ते वर्णनात चित्रासह दाखवावे. कोन कुठून मोजला आहे आणि कोणत्या थरासाठी, तेही लिहावे. फाइल सुधारेपर्यंत ‘सपोर्टची गरज नाही’ हे वाक्य काढून टाकावे. हे शक्य नसेल तर माझी पूर्ण रक्कम परत करावी.

दोन्ही भोकांचे आणि कॉलरच्या खालच्या बाजूचे फोटो तसेच स्लायसरची प्रोजेक्ट फाइल सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक