अर्थमंत्री महोदया, ते पन्नास हजार कोटी गेले कुठे?

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय : ‘बजेट ॲट अ ग्लान्स’मधील बाजारातील कर्जाची ओळ

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी ‘सरकार कर्ज कसं काढतं’ हा विषय घेतला. मी तिला पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं आणि 23 जुलै 2024 ला आपण मांडलेल्या अर्थसंकल्पाचे कागद हाती दिले. तीन दिवसांनी ती दोन आकडे पेन्सिलीने गोल करून घेऊन आली.

आपल्या भाषणात होतं की रोख्यांतून वर्षभरात ढोबळ 14.01 लाख कोटी आणि निव्वळ 11.63 लाख कोटी रुपये उभे करणार. ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ या अर्थसंकल्पाच्या सारांश-पुस्तिकेत तूट कशी भरून काढणार याचा तक्ता आहे, तिथे बाजारातून घ्यायचं कर्ज 11.13 लाख कोटी. “सर, मधले पन्नास हजार कोटी गेले कुठे?”

14.01 आणि 11.63 मधला फरक सोपा होता. तो 2.38 लाख कोटींचा, बहुतांशी त्या वर्षी मुदत संपणाऱ्या जुन्या रोख्यांच्या परतफेडीचा. नवे रोखे विकायचे आणि त्या पैशातून जुने फेडायचे. हे ऐकल्याबरोबर ती म्हणाली, “म्हणजे आमच्या सोसायटीतलं नवं-जुनं.” तिच्या वडिलांचं पीककर्ज दर मार्चला असंच फिरतं. जुनं भरल्याची नोंद होते, नवं उचलल्याची होते आणि बोजा तेवढाच राहतो. इतकी वर्षं शिकवतोय, पण ‘रोलओव्हर’ला हा शब्द मला सुचला नव्हता.

तक्त्यातली ओळ मात्र रोखे आणि ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचं वर्षाच्या आत फिटणारं कर्ज, मिळून एकच आहे, आणि खरी गोम तिथे होती. त्या वर्षासाठी बिलांचा निव्वळ आकडा उणे 50,000 कोटी धरलेला होता. 11.63 मधून अर्धा लाख वजा केला की 11.13 येतात. उत्तर मिळालं, पण त्यातून पुढचा प्रश्न निघाला : कर्ज उणे कसं असतं?

त्यासाठी आधी तिला बिल दाखवावं लागलं. रोख्याचं तसं चटकन कळतं. ‘7.10% जीएस 2034’ हे नाव घ्या. 8 एप्रिल 2024 ला निघालेला हा रोखा 2034 च्या 8 एप्रिलला फिटणार. दहा हजारांचा असेल तर दर सहा महिन्यांनी 355 रुपये व्याज, आणि दर दहा वर्षं पक्का. ट्रेझरी बिलाला व्याजाचा हप्ताच नसतो. ती जुन्या व्यापाऱ्यांची मुदती हुंडी आहे, कसर कापून घेतलेली. मुदती तीनच : 91, 182 आणि 364 दिवस. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने साधारणपणे दर बुधवारी त्यांचा लिलाव करते. शंभराचं 91 दिवसांचं बिल 98 रुपये 35 पैशांना गेलं, असं धरू. म्हणजे दहा हजारांच्या बिलाला 9,835 मोजायचे आणि 91 दिवसांनी दहा हजार घ्यायचे. वरचे 165 हीच कसर. तिला 9,835 ने भागा आणि 365 भागिले 91 ने गुणा, वर्षाचा दर येतो सुमारे 6.73 टक्के. पोरीने आधी दहा हजारांनी भागलं होतं, उत्तर 6.62 आलं. घातलेली रक्कम 9,835 आहे, दहा हजार नाही, हे तिला खऱ्या लिलावाच्या निकालातला दर त्याच पद्धतीने जुळेना तेव्हा कळलं.

आता उण्याकडे. फळ्यावर मी असं मांडलं. समजा सरकार दर आठवड्याला 91 दिवसांची 12,000 कोटींची बिलं विकतं. तेरा आठवड्यांत 1,56,000 कोटींची थकबाकी उभी राहते. चौदाव्या आठवड्यात पहिली बिलं फिटायला येतात, त्या दिवशीची विक्री त्यातच जाते. तिथून पुढे नुसतं नवं-जुनं. वर्षाच्या 52 आठवड्यांत विक्री 6,24,000 कोटींची, पण थकबाकी 1,56,000 वरून हललेली नाही, म्हणून निव्वळ कर्ज शून्य. शेवटच्या तिमाहीत विक्री आठवड्याला 4,000 कोटींनी कमी केली, तर 31 मार्चला थकबाकी 52,000 कोटींनी उतरते आणि आकडा उणे होतो. बिलं विकणं थांबलेलं नसतं. फेडलेल्यापेक्षा कमी विकली, एवढंच.

फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात हाच आकडा अधिक 50,000 कोटी होता. मधल्या काळात, मे महिन्यात, रिझर्व्ह बँकेने 2,10,874 कोटींचा अधिशेष सरकारला दिला. अंतरिम अंदाजात रिझर्व्ह बँक, सरकारी बँका आणि वित्तसंस्था मिळून 1.02 लाख कोटीच धरले होते. हातात पैसा आला की माणूस आधी उसनवारी मिटवतो. चिन्ह बदलण्यामागे हेच मोठं कारण असावं असं मला वाटतं, मात्र त्या ओळीत ते वाचता येत नाही.

माझी खरी तक्रार मात्र चिन्हापलीकडची आहे. निव्वळ आकडा म्हणजे एका 31 मार्चपासून दुसऱ्या 31 मार्चपर्यंतचा फरक. मधलं काहीच त्यात दिसत नाही. कंपन्यांचा आगाऊ कर 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्चला येतो, खर्च मात्र 1 एप्रिलपासून सुरू. एखाद्या वर्षी एप्रिल-मेमध्ये जादा बिलं काढली आणि मार्चआधी फेडून टाकली, तरी तक्त्यात शून्यच येणार. शिवाय 91 दिवसांचं नवं-जुनं वर्षातून चार वेळा होतं, आणि प्रत्येक वेळी त्या बुधवारी जो भाव असेल तो घ्यावा लागतो. दर चढले तर 2034 च्या रोख्याला त्याची झळ नाही, बिलांना तीन महिन्यांत बसते. म्हणून 1,56,000 कोटी बिलांत आहेत की दहा वर्षांच्या रोख्यांत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. एकत्र ओळीत ते कळत नाही.

सरकार हे लपवतं असं मला म्हणायचं नाही. रिसीट बजेटमध्ये भांडवली जमेचा तपशील आहे, लिलावाचे निकाल रिझर्व्ह बँक त्याच दिवशी जाहीर करते. पण शिकणारं पोर आधी ‘ॲट अ ग्लान्स’ उघडतं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. (आम्ही शिक्षकही. मी स्वतः ती ओळ कितीदा तरी नुसती वाचून पुढे गेलो आहे.)

म्हणून विनंती एवढीच : पुढच्या अर्थसंकल्पात ती ओळ फोडावी. दीर्घ मुदतीचे रोखे एक, आणि बिलांच्या तीन मुदतींच्या तीन, अशा चार ओळी. प्रत्येकीपुढे विक्री, परतफेड आणि निव्वळ, शिवाय वर्षभरात बिलांची थकबाकी जास्तीत जास्त किती चढली होती तो मागच्या वर्षाचा आकडा. आमच्या विद्यार्थिनीने असा रिकामा तक्ता प्रकल्पाच्या शेवटी पट्टीने आखून जोडला आहे. अर्ध्या पानात मावला.

कळावे,
आपला नम्र,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक