जायफळ पावडरच्या पाकिटावर प्रमाण छापायला लावा: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या 19 वर्षांच्या भाच्याला परीक्षेच्या टेन्शनने झोप येत नव्हती, कोणीतरी सांगितलं दुधातून जायफळ घे, त्याने रात्री 9 ला तयार पावडरचे दोन शिगोशीग चमचे घातले. तासभर काहीच झालं नाही म्हणून अजून एक चमचा घेतला, आणि घोळ झाला तो तिथेच, कारण जायफळाचा असर दिसायलाच 3 ते 6 तास लागतात. रात्री 2 ला छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड, मळमळ, आणि "मावशी मी आता मरणार" असं सारखं म्हणत होता, भिंत हलताना दिसत होती त्याला. दवाखान्यात ईसीजी काढला, सलाईन लावलं, नजरेखाली ठेवलं. यावर उतारा असं औषध नाही, ते शरीरातून जाईपर्यंत सांभाळायचं एवढंच. पूर्ण सावरायला दोन दिवस गेले.

आता हिशोब बघा. चहाचा एक सपाट चमचा पावडर म्हणजे साधारण 2 ग्रॅम, अख्खं जायफळ सुमारे 5 ग्रॅम. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि जायफळ 5 ग्रॅमच्या आसपास एकदम पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं येऊ शकतात, काहींना त्याहून कमीतही. भाच्याने तीन चमचे घेतले, तेही शिगोशीग, म्हणजे अख्ख्या जायफळापेक्षा जास्तच.

याच्या उलट स्वयंपाकातलं प्रमाण बघा. अर्धा किलो डाळीच्या पुरणात आपण अर्धं जायफळ किसून घालतो, वीसेक पोळ्या होतात, एका पोळीत ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग येतो. किलोभर श्रीखंडाला पाव चमचा पुरतो आणि ते आठ-दहा जण खातात. कॉफीला चिमूटभर. एवढ्याने काही होत नाही, म्हणून सणाला जायफळ घालायला कोणी घाबरू नये. बाळगुटीत आजी सहाणेवर जेमतेम एक-दोन वळसे उगाळायची त्यामुळे प्रमाण आपोआप कमी राहायचं, पावडर आली आणि हातात चमचा आला, लहान बाळाला तर पावडर देऊच नये.

माझी मागणी एकच. लेबलचे नियम केंद्राची एफएसएसएआय करते हे माहीत आहे, पण तुमच्या खात्याने त्यांना लिहावं की जायफळ पावडरच्या पाकिटावर दोन ओळी ठळक मराठीत असाव्यात: "4 माणसांच्या पदार्थाला पाव चमच्यापेक्षा जास्त नको. झोपेसाठी चमच्याने घेऊ नका, असर उशिरा दिसतो." आणि चुकून जास्त गेलंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या, किती वाजता आणि किती चमचे घेतले ते सांगा, पाकीट सोबत न्या, हेही त्याखाली छापलं पाहिजे. आम्हाला त्या रात्री डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आपली,
एक मावशी, पुणे