ठेका बदलला, पाणी आटले

नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यात कायम व्हॉल्वमन निवृत्त झाला की त्या जागी बहुधा ठेकेदाराचा माणूस येतो. कोणत्या गल्लीसाठी कुठला व्हॉल्व किती फेरे उघडायचा, हे अनेक ठिकाणी कागदावर नसते, जुन्या माणसाच्या डोक्यात असते. ठेका बदलला की तेही जाते. नवखा दोन फेरे कमी देतो आणि चढावरच्या घरांत नळ कोरडे राहतात. तक्रारवहीत मात्र ‘दाब कमी’ एवढीच नोंद. मोठ्या वाहिनीचा व्हॉल्व सावकाश बंद करावा लागतो. घाईने फिरवला तर पाण्याचा दणका बसून जोड निखळतो.

कायम कर्मचारी सगळे कामसू होते, असे मुळीच नाही. पण त्यांच्यावर पालिका थेट कारवाई करू शकत असे. आता दंड फार तर ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो. पगार थकला, तर कायद्याने मूळ मालक म्हणून जबाबदारी पालिकेवरच येते!

निविदेत दोन अटी घालाव्यात: चेंबर क्रमांक, फेरे आणि वेळ लिहिलेली व्हॉल्व नोंदवही पालिकेच्या ताब्यात राहील आणि ठेका बदलताना जुना-नवा माणूस पंधरा दिवस एकत्र फिरेल. त्या दिवसांचा पगार अंदाजपत्रकातच धरावा.

– एक वाचक