फीची पावती एक सांगते, कार्डाचं स्टेटमेंट दुसरंच

मा. संपादक,
स. न.

डोंबिवलीतली मी एक पालक. नोकरी हिशेब खात्यात, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची बँक खाती जुळवण्यात जाते. तरी मुलीच्या शाळेच्या फीचा एक हप्ता जुळवताना मला सहा आठवडे लागले. तो प्रकार सविस्तर लिहिते, कारण ऑनलाइन फी घेणाऱ्या बहुतेक शाळांतल्या पालकांना त्यातलं काही ना काही ओळखीचं वाटेल.

आमच्या शाळेची फी तीन हप्त्यांत भरायची असते, हप्ता १८,५०० रुपयांचा. दुसऱ्याची शेवटची तारीख १० सप्टेंबर २०२५ होती. गणपती नुकतेच झालेले, घरात पैशांची ओढाताण, म्हणून या वेळी क्रेडिट कार्ड वापरलं. पोर्टलवर कार्डाचा पर्याय निवडला की फीवर १ टक्का सुविधा शुल्क लागतं, म्हणजे १८५ रुपये, आणि त्या १८५ वर १८ टक्के जीएसटी, ३३ रुपये ३० पैसे. शाळेच्या फीवर जीएसटी नसतो, पण पैसे वळते करणाऱ्या गेटवे कंपनीच्या शुल्कावर असतो. एकूण १८,७१८ रुपये ३० पैसे.

८ सप्टेंबरच्या रात्री ओटीपी टाकला, चक्र फिरत राहिलं आणि पडद्यावर आलं, `Transaction Pending`. बँकेचा मेसेज मात्र आला होता, पैसे गेले. शाळेच्या पोर्टलवर हप्ता अजून लाल रंगात, ‘देय’. अर्धा तास वाट पाहिली आणि जी चूक सगळे करतात तीच मी केली. पुन्हा भरले. या वेळी लगेच पावती आली. सकाळी पाहिलं तर पहिल्या व्यवहाराचीही पावती तयार होती.

आता या पावत्या पाहा. दोन्हींवर रक्कम १८,५०० आणि भरणा ‘ऑनलाइन’, बस्स. सुविधा शुल्काचा उल्लेख नाही, व्यवहार क्रमांक नाही. तारीख १० सप्टेंबर, कारण आमची शाळा पैसे तिच्या खात्यात जमा होणार तो दिवस छापते. (शेवटच्या दिवशी भरणाऱ्यांना मग दंडाची नोटीस येते, ती वेगळी कटकट.) कार्डाच्या स्टेटमेंटवर तारीख ८, दोन्ही रकमा १८,७१८.३० आणि नाव गेटवे कंपनीचं, गाव बेंगळुरू. शाळेचं नाव शोधून सापडत नाही. रक्कम, तारीख, नाव, तिन्ही वेगळं. मग जुळवायचं कशावर? दुवा होता फक्त गेटवेच्या ईमेलमध्ये. त्यात शाळेचं नाव, शुल्क धरून पूर्ण रक्कम आणि बँकेचा बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो ईमेल आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. माझ्या नशिबाने दोन्ही शिल्लक होते.

शाळेच्या कार्यालयातल्या बाई भल्या. त्यांनी ‘दुबार भरणा’ म्हणून परताव्याची नोंद लगेच केली आणि १९ सप्टेंबरला कार्डावर पैसे परत आले. १८,५०० रुपये. वरचे २१८ रुपये ३० पैसे नाहीत. विचारलं तर उत्तर, ‘ते आमच्याकडे आलेच नाहीत, आम्ही कुठून देणार?’ खरंच होतं ते. गेटवेने सांगितलं, शुल्क परत मिळत नाही, अटींमध्ये लिहिलंय. बँक म्हणाली, व्यापाऱ्याला पैसे पोहोचलेत, म्हणजे व्यवहार यशस्वी.

खरा मुद्दा इथेच आहे. पालकाने हौसेने दोनदा भरले तर तो दुबार भरणा, शुल्क गेलं तरी तक्रारीला जागा नाही. पण पैसे कापले गेले आणि व्यापाऱ्याच्या यंत्रणेला खबरच पोहोचली नाही, तर तो फसलेला व्यवहार. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारात असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. माझा पहिला व्यवहार यातला होता. पण खबर रात्री उशिरा शाळेच्या पोर्टलला पोहोचली, फसलेला व्यवहार कागदावर यशस्वी झाला आणि दुसऱ्यामुळे तो ‘दुबार’ ठरला. पुन्हा न भरता मी सकाळपर्यंत थांबले असते तर प्रश्नच नव्हता. शेवटच्या तारखेला दोन दिवस होते, पण `Pending` पाहून धीर कोणाला धरवतो?

मी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, त्यावर वेळ होती. तो, बँकेचा मेसेज आणि दोन्ही संदर्भ क्रमांक जोडून गेटवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. २० ऑक्टोबरला २१८.३० जमा झाले. रोजच्या शंभर रुपयांबद्दल अजून उत्तर नाही.

मधल्या काळात १५ सप्टेंबरचं बिल निघालं, त्यात दोन्ही रकमा धरलेल्या. परतावा १९ तारखेचा, म्हणजे बिलानंतरचा, पण बिल भरायच्या तारखेच्या आधीचा. नियमाप्रमाणे अशा वेळी तो देय रकमेतून वळता व्हायला हवा. तो झाला की नाही हे बँकेला विचारूनच उरलेले भरावेत. मनाने कापून कमी भरलं आणि चुकलं, तर बिल थकीत धरून व्याज लागतं.

शेजारच्या वहिनींची तऱ्हा वेगळी. त्यांनी रिवॉर्ड पॉइंट्ससाठी एका अ‍ॅपवरून फी भरली. पुढच्या स्टेटमेंटवर फीच्या खाली आणखी एक ओळ, एक टक्का शुल्क, त्याखाली त्याचा जीएसटी. शाळेने लावलेलं नाही, गेटवेने नाही, कार्ड देणाऱ्या बँकेने. २०२४ पासून काही बँकांनी तिसऱ्याच अ‍ॅपमार्फत भरलेल्या शिक्षण फीवर हे शुल्क सुरू केलंय. शाळेच्या स्वतःच्या पोर्टलवर थेट भरलं तर ते लागत नाही. वहिनी महिनाभर शाळेशीच भांडत होत्या.

डिसेंबरचा हप्ता मी रुपे डेबिट कार्डाने भरला. रुपे डेबिट आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही, आमच्या पोर्टलवरही शून्यच दिसलं. पावती १८,५००, पासबुकात १८,५००. एका मिनिटात जुळलं.

माझं मागणं शाळांकडे आहे, आणि ते खर्चिक नाही. पावतीवर फीच्या खाली सुविधा शुल्काची ओळ, बँकेचा संदर्भ क्रमांक आणि पैसे भरल्याची तारीख छापा. ही माहिती गेटवेकडून शाळेला रोज येतच असते, फक्त पावतीत उतरवायची आहे. महाराष्ट्रात फीला मंजुरी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती देते. त्या आकड्यात हे शुल्क कुठेच नसतं, म्हणून त्याच्याबद्दल कोणी विचारतही नाही. आमच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी दोन पावत्या, एक स्टेटमेंट आणि दोन ईमेल घेऊन जाणार आहे.

आपली,
एक पालक, डोंबिवली (पूर्व)